नंबर लपवायची सेटिंग: फोन विनंती करतो, निकाल नेटवर्क देतं

ताई समुपदेशक आहे. तिच्याकडे येणाऱ्या लोकांना कधीकधी संध्याकाळी उलट फोन करावा लागतो, आणि तो ती स्वतःच्याच मोबाइलवरून करते. आपला खासगी नंबर त्यांच्याकडे जाऊ नये म्हणून तिने फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन `Hide number` निवडलं आणि ती निर्धास्त झाली. पंधरा दिवसांनी रात्री साडेअकराला तिच्याकडे येणाऱ्या एकाचा थेट त्याच नंबरवर फोन आला. सेटिंग जागच्या जागी होती, `Hide number`च्या पुढचा ठिपकाही भरलेला होता. "मग हे बटण दिलंय कशाला?" ताईने मला विचारलं.

प्रश्न रास्त होता. नंबर लपवण्याबद्दलची बहुतेक माहिती "अमुक कोड डायल करा" इथे सुरू होते आणि तिथेच संपते. पण कोड चालला की नाही हे कसं ओळखायचं, नाही चालला तर दोष फोनचा, सिमचा की पलीकडच्या नेटवर्कचा, हे कोणी सांगत नाही. ताईच्या फोनवर आम्ही ज्या क्रमाने शोध घेतला, त्याच क्रमाने इथे लिहितो.

## सेटिंग बदलल्यावर नेमकं काय बदलतं

आपल्याला वाटतं की `Hide number` निवडलं म्हणजे आपला नंबर बाहेर जायचा थांबला. तसं होत नाही. नंबर प्रत्येक कॉलबरोबर जातोच. मुळात तो तुमचा फोन पाठवतच नाही, तुमच्या सिमच्या नोंदीवरून नेटवर्क तो जोडतं. `Hide number` निवडल्यावर फोन एवढंच करतो की यापुढे कॉल लावताना त्यासोबत एक छोटी चिठ्ठी जोडतो: "हा नंबर समोरच्याला दाखवू नका."

ती चिठ्ठी आधी तुमचं नेटवर्क वाचतं. या सिमला नंबर लपवायची सुविधा दिलेली आहे का, हे तपासतं. दिलेली असेल तर नंबरावर "दाखवण्यास मनाई" अशी खूण करून तो पुढे धाडतं. जुन्या पद्धतीच्या टेलिफोन यंत्रणेत ही खूण फक्त दोन बिटांची असते: `00` म्हणजे दाखवायला हरकत नाही, `01` म्हणजे मनाई, `10` म्हणजे नंबर उपलब्धच नाही. कॉल वाटेत कितीही एक्स्चेंजांमधून गेला तरी पूर्ण नंबर आणि ही खूण सोबतच प्रवास करतात. शेवटचं नेटवर्क, म्हणजे ज्याला फोन केला त्याचं, ती खूण पाहतं, नंबर स्वतःपाशी ठेवतं आणि हँडसेटकडे फक्त "खासगी नंबर" एवढंच पाठवतं.

म्हणजे नंबर लपणं हे साखळीतल्या प्रत्येकाने खूण पाळण्यावर अवलंबून आहे. एकाने जरी दुर्लक्ष केलं तरी नंबर दिसतो. आणि फोनवर "सेटिंग बदलली" असा संदेश आला, तर तो बहुतेक वेळा फोनच्या आतल्या मोडेमने दिलेला असतो. मोडेमने तुमची इच्छा लिहून घेतली, एवढाच त्याचा अर्थ. नेटवर्कला अजून कोणी काही विचारलेलंच नसतं. ताई फसली ती इथेच.

## आधी विचारून घ्या: `*#31#`

सेटिंगला हात लावण्याआधी डायलर उघडा, `*#31#` टाका आणि कॉलचं बटण दाबा. कॉल लागत नाही. प्रश्न नेटवर्ककडे जातो आणि दोन-चार सेकंदांत पडद्यावर उत्तर येतं. दोन सिम असतील तर आधी कोणत्या सिमवरून विचारताय ते निवडा, कारण प्रत्येक सिमची नोंद वेगळी असते.

अँड्रॉइडवर येणाऱ्या उत्तरांपैकी ही तीन ओळखता आली तरी पुष्कळ आहे.

`Caller ID defaults to not restricted. Next call: Not restricted` असं आलं तर सुविधा सिमवर आहे, मूळ स्थिती नंबर दाखवण्याची आहे आणि पुढच्या कॉललाही तो दिसेल. इथे सेटिंग बदलून उपयोग होईल. वाक्याचा पहिला भाग कंपनीने ठरवलेली मूळ स्थिती सांगतो, दुसरा भाग तुमच्या फोनची सध्याची इच्छा. सेटिंग बदलल्यावर पुन्हा विचारलंत तर दुसऱ्या भागात `Restricted` दिसायला हवं.

`You can't change the caller ID setting.` याचा अर्थ कंपनीने स्थिती कायमची बांधून टाकली आहे. अशा सिमवरून नंबर कायमच लपलेला जातो आणि फोनवरून त्यात फरक करता येत नाही.

`Service not provisioned.` म्हणजे ही सुविधा या सिमला दिलेलीच नाही. तुम्ही कोणताही कोड टाका, कोणतंही ॲप लावा, चिठ्ठी पहिल्याच टेबलावर रद्दीत जाते.

ताईच्या फोनवर हे तिसरं उत्तर आलं. पंधरा दिवस फोन इमानाने चिठ्ठी जोडत होता आणि नेटवर्क ती बाजूला सारत होतं.

मोडेमशी थेट बोलायची सोय असेल तर ही विसंगती एका ओळीत दिसते. माझ्याकडे एक जुनी यूएसबी डोंगल आहे. ताईचं सिम त्यात घातलं, तिच्या फोनसारखीच "लपवा" ही इच्छा `AT+CLIR=1` ने नोंदवली आणि विचारलं:

```
AT+CLIR?
+CLIR: 1,0
OK
```

पहिला आकडा फोनची इच्छा सांगतो: `0` म्हणजे नेटवर्क ठरवेल तसं, `1` म्हणजे लपवा, `2` म्हणजे दाखवा. दुसरा आकडा नेटवर्कचं उत्तर: `0` म्हणजे सुविधा नाही, `1` म्हणजे कायमची लपवलेली, `3` आणि `4` म्हणजे सुविधा आहे आणि मूळ स्थिती अनुक्रमे लपवण्याची किंवा दाखवण्याची आहे. दुसऱ्या जागी `2` आला तर उत्तरच मिळालेलं नाही, थोड्या वेळाने पुन्हा विचारा. `1,0` म्हणजे "लपवा" आणि "सुविधा नाही" शेजारी शेजारी. डोंगल नसली तरी चालतं, `*#31#` पुरतो. मला हे आकडे आवडतात ते एवढ्यासाठी की यात मागणं आणि मिळणं वेगवेगळं दिसतं.

## लपवण्याच्या दोन रीती, आणि `*`-`#`चा गोंधळ

सुविधा असेल तर पुढचा प्रश्न: सगळ्याच कॉलसाठी लपवायचा की एकेका कॉलपुरता?

सगळ्यांसाठी हवा असेल तर अँड्रॉइडच्या फोन ॲपमधल्या तीन ठिपक्यांतून सेटिंगमध्ये जा. तिथे `Calling accounts` किंवा `Supplementary services` अशा नावाखाली `Caller ID` सापडतं. हँडसेटप्रमाणे नाव थोडं इकडेतिकडे होतं, पण पर्याय तीनच: `Network default`, `Hide number`, `Show number`. आयफोनवर फोनच्या सेटिंगमध्ये `Show My Caller ID` असं एकच बटण असतं. ते फिकट दिसत असेल किंवा यादीत नसेलच, तर सिमच्या कंपनीने ते फोनवरून बदलू दिलेलं नाही असं समजा.

एका कॉलपुरता लपवायचा असेल तर नंबराआधी `#31#` लावा:

```
#31#+12025550143
```

हा नंबर उदाहरणादाखल आहे, अशा वापरासाठीच राखून ठेवलेल्यांपैकी. अधिकचं चिन्ह आणि देशाचा कोड यांच्यासकट पूर्ण नंबर लिहिलेला बरा. ज्यांना नेहमीच लपवून फोन करायचा आहे त्यांची नोंद संपर्कयादीत या कोडसकट वेगळी करून ठेवता येते. मला ही रीत सेटिंगपेक्षा जास्त भरवशाची वाटते, कारण सेटिंग विसरली जाते. घरच्यांना "खासगी नंबर" म्हणून फोन जातात, ते उचलत नाहीत, आणि आपण त्यांच्यावर चिडतो.

आता गोंधळ. मोबाइलच्या कोडमध्ये `*` म्हणजे सुरू करा आणि `#` म्हणजे बंद करा, हा सर्वसाधारण नियम आहे. त्यामुळे पुढे नंबर न लावता नुसतं `*31#` डायल केलं तर अँड्रॉइड त्याचा अर्थ "लपवणं सुरू करा" असा घेतो आणि नुसत्या `#31#`चा अर्थ "लपवणं बंद करा". पण त्याच कोडपुढे नंबर आला की अर्थ उलटतो: `#31#` आणि नंबर म्हणजे हा कॉल लपवून, `*31#` आणि नंबर म्हणजे हा कॉल दाखवून. एकेका कॉलच्या बाबतीत मोबाइलच्या प्रमाण नियमांतच तसं लिहिलेलं आहे, चूक तुमची नाही. पण यामुळे लोक हमखास आपटतात. कोणी "#31# ने नंबर लपतो" असं वाचतं, नुसतंच `#31#` दाबतं, "यशस्वी" असा संदेश पाहतं आणि प्रत्यक्षात नंबर दाखवायची सेटिंग करून बसतं. म्हणून मी सांगतो: सगळ्या कॉलसाठी मेनू वापरा, कोड फक्त नंबराआधी लावायला ठेवा.

लँडलाइनचे कोड देशागणिक बदलतात. अमेरिकेत आणि कॅनडात लपवायला `*67`, दाखवायला `*82`. ब्रिटनमध्ये `141` आणि `1470`. ऑस्ट्रेलियात `1831` आणि `1832`. मोबाइलवर `#31#` बऱ्याच देशांत चालतो, पण अमेरिकेतल्या कंपन्यांच्या सिमवर `*67`च करून पाहावा.

## चाचणी घेताना

स्वतःच्याच दुसऱ्या फोनवर कॉल करून पाहणं बरोबर आहे, पण एक पथ्य पाळा: एकदा त्याच कंपनीच्या नंबरवर करा आणि एकदा दुसऱ्या कंपनीच्या. एकाच कंपनीच्या आत कॉल बाहेरच्या सीमेवरून जात नाही, त्यामुळे तिथे लपलेला नंबर बाहेर लपेलच असं नाही.

समोरच्या पडद्यावर कोणते शब्द आले तेही लिहून ठेवा. आयफोनवर `No Caller ID` आलं तर नंबर मुद्दाम लपवला आहे आणि खूण शेवटपर्यंत पोचली आहे. `Unknown` आलं तर पलीकडच्या नेटवर्ककडे नंबर पोचलाच नाही. अँड्रॉइडवर हाच फरक `Private number` आणि `Unknown` असा दिसतो. वापरणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात, पण दोष शोधणाऱ्याला हा फरक सोन्यासारखा आहे. `Private number` म्हणजे तुमची विनंती पाळली गेली. `Unknown` म्हणजे वाटेत कोणीतरी नंबरच गाळला, तुम्ही लपवायला सांगितलं असो वा नसो.

व्हॉट्सॲपसारख्या ॲपमधले कॉल आणि एसएमएस या चाचणीत धरू नका. ही चिठ्ठी फक्त टेलिफोन नेटवर्कवरच्या कॉललाच लागते. लपवून फोन करायचा आणि लगेच "मीच केला होता" असा मेसेज पाठवायचा, हेही ताईने केलेलं आहे.

## नेटवर्क ऐकत का नाही

पहिलं कारण ताईचंच: सुविधा दिलेली नाही. यामागे बऱ्याचदा देशाचा नियम असतो. अमेरिकेत कॉल करणाऱ्याने नंबर लपवायला सांगितलं तर कंपन्यांनी ते पाळावं असा नियम आहे. भारतात परवान्याच्या अटी उलट बाजूने लिहिलेल्या आहेत: ही सुविधा ग्राहकांना सहसा द्यायची नाही, मागितलीच तर कारणाची पडताळणी करून द्यायची, आणि कॉल सेंटर, टेलिमार्केटिंग व घाऊक जोडण्यांना तर नाहीच. त्यामुळे एकाच कारखान्यातून निघालेल्या, एकाच सेटिंगच्या दोन फोनांपैकी एका देशात नंबर लपतो आणि दुसऱ्या देशात दिसतो. सुविधा नसताना चिठ्ठी पाठवली तर काही नेटवर्क ती गुपचूप दुर्लक्षितात आणि नंबर दाखवतात. काही कॉलच लावू देत नाहीत. माझ्या मते दुसरी वागणूक बरी, निदान आपण अंधारात राहत नाही.

दुसरं कारण कमी लोकांना माहीत आहे. ताईने कंपनीकडे लेखी कारण दिलं, कामाच्या स्वरूपाचा कागद दिला आणि सुविधा चालू झाली. `*#31#` विचारल्यावर उत्तर आलं: `Caller ID defaults to not restricted. Next call: Restricted`. सगळं हवं तसं. तिने घरून मला फोन केला आणि माझ्या पडद्यावर तिचा नंबर ठळक झळकला.

इथे फोरजी कॉलिंगचा, म्हणजे व्होल्टेचा संबंध आला. टूजी-थ्रीजीवरच्या कॉलचं काम एक यंत्रणा पाहते आणि व्होल्टेचं दुसरी. दोन्हीकडे ग्राहकाची नोंद वेगळी ठेवलेली असते. कंपनीने जुन्या नोंदीत सुविधा घातली होती, नव्या नोंदीत घालायची राहिली होती, आणि `*#31#`चं उत्तर जुन्या नोंदीतून येत होतं. हे ताडून पाहायला एक सोपी युक्ती आहे. मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये `VoLTE` किंवा `4G Calling` थोड्या वेळासाठी बंद करा आणि पुन्हा त्याच नंबरवर कॉल करा. आम्ही केलं तेव्हा माझ्या फोनवर `Private number` आलं. व्होल्टे पुन्हा चालू केलं, नंबर पुन्हा दिसला. जिथे जुनी नेटवर्क बंद झाली आहेत तिथे ही युक्ती चालणार नाही, कारण व्होल्टे बंद केल्यावर कॉलच लागणार नाही.

तक्रार करताना "नंबर लपत नाही" एवढंच सांगितलं की पहिल्या पायरीचा माणूस फोन बंद करून चालू करायला सांगतो. आम्ही कॉलच्या वेळा, व्होल्टे चालू असतानाचा आणि बंद असतानाचा निकाल, आणि `*#31#`चं शब्दशः उत्तर असं लिहून दिलं. चौथ्या दिवशी दुरुस्ती झाली.

व्होल्टेमध्ये चिठ्ठी दिसते कशी हे पाहिलं तर तिसरं कारणही उलगडतं. नेटवर्कच्या आत फिरणाऱ्या संदेशाचा कामापुरता भाग साधारण असा असतो:

```
From: "Anonymous" <sip:anonymous@anonymous.invalid>
P-Asserted-Identity: <tel:+12025550117>
Privacy: id
```

वरच्या ओळीत नाव "अनामिक" झालेलं आहे, पण दुसऱ्या ओळीत खरा नंबर तसाच आहे. तो नेटवर्कने स्वतः खात्री करून लिहिलेला असतो. तिसरी ओळ म्हणजे आपली चिठ्ठी: दुसरी ओळ ग्राहकापर्यंत जाऊ देऊ नका. ही रीत २००२ साली प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली, आणि तिच्यात एक गृहीत आहे: दुसरी ओळ फक्त भरवशाच्या नेटवर्ककडेच जाईल. पलीकडचं नेटवर्क भरवशाचं नसेल तर सीमेवरच खरा नंबर काढून टाकायचा.

कॉल परदेशी गेला की हे गृहीत डळमळतं. वाटेत दोन-तीन मध्यस्थ कंपन्या असतात, कुठे नवी यंत्रणा, कुठे जुनी. नव्यातून जुन्यात रूपांतर होताना तिसरी ओळ दोन बिटांच्या खुणेत नीट उतरली नाही तर नंबर उघडा पडतो. उलट एखादा मध्यस्थ सावधगिरी म्हणून नंबरच गाळतो आणि समोर `Unknown` दिसतं. तुमच्या फोनवरून यातलं काहीच दुरुस्त होत नाही. आंतरराष्ट्रीय कॉलवर, आणि रोमिंगमध्ये असताना, नंबर लपेलच असं गृहीत धरू नका.

आणि काही ठिकाणी तर मुद्दामच दुर्लक्ष केलं जातं. आपत्कालीन सेवेला खूण ओलांडून नंबर पाहायचा अधिकार दिलेला असतो, त्यामुळे तिथे फोन करताना कोणताही कोड लावू नका. अमेरिकेतल्या टोल-फ्री नंबरांना, बिल तेच भरत असल्यामुळे, कॉल करणाऱ्याचा नंबर हिशेबाच्या माहितीसोबत मिळतो, `*67` लावलं तरी. तुमच्या कंपनीच्या नोंदींत तर नंबर नेहमीच असतो. लपतो तो फक्त समोरच्या पडद्यापासून.

## उलटा प्रश्न: दाखवायचा आहे, पण दिसत नाही

बऱ्याच लोकांनी निनावी कॉल नाकारण्याची सोय लावलेली असते. अशांना लपवलेल्या नंबरावरून फोन केला की घंटीच वाजत नाही. एखादी ध्वनिमुद्रित सूचना ऐकू येते किंवा कॉल तडक तुटतो. नेटवर्क बिघडलंय असं आपल्याला वाटतं, आणि खरं तर आपलीच सेटिंग आडवी आलेली असते. त्या एका कॉलसाठी सेटिंग न बदलता `*31#` लावून नंबर डायल करा:

```
*31#+12025550143
```

कॉल लागला तर कारण सापडलं. नाही लागला तर `*#31#` विचारा. `You can't change the caller ID setting.` आलं तर सिमची स्थिती कायमची बांधलेली आहे आणि ती कंपनीकडूनच सोडवून घ्यावी लागते. उत्तर नीट असेल पण समोर `Unknown` दिसत असेल, तर दोष वाटेतला आहे. अशा वेळी दुसऱ्या देशातल्या माणसाला आधी मेसेज करून कळवलेलं बरं.

कचेरीतल्या एक्स्चेंजवरून किंवा इंटरनेट फोनवरून कॉल जात असेल तर हे कोड अनेकदा त्या यंत्रणेतच अडतात, बाहेर पोचत नाहीत. तिथे कोणता नंबर दाखवायचा हे बाहेरच्या लाइनच्या सेटिंगमध्ये ठरतं. ते काम यंत्रणा सांभाळणाऱ्याचं आहे.

ताईने शेवटी सेटिंग `Network default`वर परत नेली आणि कामाच्या चौदा संपर्कांच्या नंबरांआधी `#31#` लावला. महिन्यातून एकदा ती मला त्याच रीतीने फोन करते. मी उचलायच्या आधी पडद्यावरचे शब्द वाचतो आणि तिला सांगतो.